सकाळी 9:15 ला बॉटला लगेच सोडू नका: पहिल्या ऑर्डरआधी थांबा कसा लावायचा

ज्यांनी निफ्टीच्या ऑप्शनवर इंट्राडे अल्गो लावलाय किंवा लावायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. स्ट्रॅटेजी कुठली का असेना, मुव्हिंग ॲव्हरेजचा क्रॉस असो नाहीतर व्हीवॅपवरची, हा भाग सगळ्यांना सारखाच लागतो. बाजार उघडल्यावर काही मिनिटं बॉटने नुसतं बघायचं, हात लावायचा नाही. ऐकायला एका ओळीचं काम वाटतं, `if time > 9:30` लिहिलं की झालं, आणि मीही तसंच लिहिलं होतं, त्याचं काय झालं ते पुढे सांगतो.

आधी उघडताना नक्की काय होतं ते बघू. शेअर्सना 9:00 ते 9:15 प्री-ओपन असतं, त्यात ऑर्डरी गोळा होतात आणि त्यातून एक उघडायचा भाव निघतो. ऑप्शनला मात्र ही सोय नाही. 24,950 च्या कॉलचा आजचा पहिला भाव थेट 9:15:00 ला, चालू बाजारातच ठरतो. रात्री अमेरिकेत काय झालं, सकाळी गिफ्ट निफ्टी कुठे होता, हे सगळं त्या एका क्षणात प्रीमियममध्ये घुसतं. जे लोक दोन्ही बाजूंनी भाव लावून बसतात त्यांनाही खरा भाव माहीत नसतो, मग ते सांभाळून, लांब लांब भाव लावतात. त्यात रात्रीच लावून ठेवलेल्या ऑर्डरी येऊन पडतात, कालच्या पोझिशनचे स्टॉपलॉस उडतात, आणि तुमचा बॉट मार्केट ऑर्डर घेऊन या गर्दीत घुसतो.

एक सकाळ धरू, आकडे समजण्यापुरते घेतलेत. निफ्टी काल 24,800 ला बंद, आज 24,930 ला उघडला. 9:15:04 ला 24,950 च्या कॉलला घेणारा 116 देतोय आणि विकणारा 122 मागतोय, म्हणजे स्प्रेड 6 रुपये. बॉटने 122 ला घेतला आणि निफ्टी जागचा हललाही नाही तरी विकायला गेलात तर 116 मिळणार. 65 नगांवर हे 390 रुपये झाले, तेही स्ट्रॅटेजी बरोबर की चूक हे कळायच्या आत. तोच कॉल साडेनऊला 30 पैशांच्या स्प्रेडवर असेल तर तोच खर्च साडेएकोणीस रुपये. शिवाय उघडताना अनिश्चिततेचा जो फुगा प्रीमियममध्ये असतो तो बऱ्याचदा पहिल्या काही मिनिटांत उतरतो, म्हणजे दिशा बरोबर निघूनही घेतलेला ऑप्शन वर जात नाही आणि माणूस स्क्रीनकडे बघत बसतो.

किती मिनिटं थांबायचं ते मोजून ठरवा

कोणी 5 सांगतं, कोणी 15, कोणी 30. कोणाचं ऐकू नका, मोजा. वीस दिवस ऑर्डर न टाकता नुसतं लॉगिंग चालू ठेवायचं. ज्या स्ट्राइकमध्ये तुम्ही खरंच ट्रेड करता त्याचा बिड आणि आस्क दर 5 सेकंदाला 9:15 पासून 10:15 पर्यंत लिहून ठेवायचा, आणि तुलनेसाठी 11 ते 11:30 चाही. मग प्रत्येक मिनिटाचा मधला स्प्रेड काढायचा. सरासरी घेऊ नका, एखादा वेडा आकडा ती बिघडवतो, मीडियन घ्या. ज्या मिनिटापासून स्प्रेड त्या 11 ते 11:30 च्या स्प्रेडच्या दीडपटीच्या आत येतो आणि तिथेच राहतो ते तुमचं मिनिट. हे दीडपट मी माझ्या सोयीने धरलंय, तुम्ही दुप्पट धरलंत तरी काही बिघडत नाही, पण एकदा धरलं की रोज बदलायचं नाही. ॲट-द-मनी स्ट्राइकला हे मिनिट लवकर येतं आणि लांबच्या स्ट्राइकला किंवा शेअरच्या ऑप्शनला बरंच उशिरा, म्हणून एकाचं मोजून दुसऱ्याला लावू नका. पुढच्या उदाहरणात मी 15 मिनिटं धरतोय.

घड्याळ

आता माझा किस्सा. भाड्याच्या सर्व्हरवर बॉट चढवला, 9:30 नंतर एन्ट्री असं लिहिलं, आणि सकाळभर एकही ऑर्डर नाही. मला वाटलं सिग्नलच आला नसेल. दुपारी बरोबर तीन वाजता धाडकन एन्ट्री! सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर होतं, तिकडे साडेनऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे तीन वाजलेले असतात. आपले 9:15 म्हणजे यूटीसीचे 3:45, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलंय. म्हणून वेळ नेहमी टाइमझोनसकट घ्यायची, सर्व्हरवर घड्याळ जुळवणारी सेवा चालू आहे ना ते बघायचं, आणि "प्रोग्राम सुरू झाल्यापासून 15 मिनिटं" असं कधीच मोजायचं नाही. बॉट 9:50 ला पडला आणि 9:51 ला परत उठला तर त्याने उगाच 10:06 पर्यंत का थांबावं? आणि उलट कोणी 9:00 ला सुरू केला तर तो 9:15 ला, म्हणजे नेमक्या गर्दीतच, मोकळा सुटेल.

मोजायचं ते बाजार शेवटचा कधी उघडला तिथून. "शेवटचा" हा शब्द मुद्दाम घातलाय. 24 फेब्रुवारी 2021 ला एनएसई सकाळी 11:40 ला बंद पडलं आणि दुपारी 3:45 ला परत उघडून 5 पर्यंत चाललं. मार्च 2020 मध्ये 13 आणि 23 तारखेला लोअर सर्किट लागून व्यवहार थांबले आणि नंतर परत सुरू झाले. असं दुसरं उघडणं पहिल्याइतकंच अंगावर येतं, आणि ज्याच्या कोडमध्ये नुसतं 9:30 लिहिलंय त्याचं गेट, म्हणजे एन्ट्री अडवणारी ही तपासणी, तेव्हा सताड उघडं असतं. मुहूर्त ट्रेडिंगचंही तेच, 2025 ला ते दुपारी 1:45 ते 2:45 होतं. तेव्हा उघडायची वेळ तारखेप्रमाणे फाइलमधून वाचा, आणि मध्ये व्यवहार थांबले तर ती परत सुरू झाल्याच्या वेळेवर आणा. हे आपोआप जमत नसेल तर हाताने करा, असे दिवस वर्षात किती येतात!

गेटचं कोड एवढंच:

```python
from datetime import datetime, timedelta
from zoneinfo import ZoneInfo

IST = ZoneInfo("Asia/Kolkata")
WAIT = timedelta(minutes=15)
MAX_SPREAD = 0.60

def entry_allowed(last_open, bid, ask):
    now = datetime.now(IST)
    if now < last_open + WAIT:
        return False
    if not bid or not ask:
        return False
    return 0 < ask - bid <= MAX_SPREAD
```

यात `last_open` पण `IST` सकटच द्यायचं, नाहीतर तुलना करतानाच एरर येईल (जे खरं तर बरंच आहे, गुपचूप चुकण्यापेक्षा). शेवटच्या ओळीत स्प्रेड परत तपासलाय कारण पंधरा मिनिटं झाली म्हणजे बाजार शांत झालाच असं नाही, बजेटच्या किंवा निवडणूक निकालाच्या सकाळी तर नाहीच. वेळ आणि स्प्रेड दोन्ही पास झाले तरच एन्ट्री. बिड किंवा आस्क शून्य आला, म्हणजे समोर कोणीच उभं नाही, तर त्याच्या आधीच्या तपासणीतच गेट बंद राहतं.

हे गेट नेमकं कुठे बसवायचं

इथे सगळ्यात जास्त घोळ होतात. गेट फक्त नव्या एन्ट्रीवर. स्टॉपलॉस, एक्झिट, कालपासून धरलेल्या पोझिशनची काळजी, यातलं काहीच गेटमधून जायला नको. एका मित्राने ऑर्डर पाठवणाऱ्या फंक्शनलाच कुलूप लावलं होतं, गॅप उलटा पडला आणि कालची पोझिशन साडेनऊपर्यंत तशीच लटकत राहिली, बॉट एक्झिट एक्झिट ओरडतोय आणि ऑर्डर काही बाहेर पडत नाहीये.

दुसरं, बॉट 9:30 ला सुरू करून काम भागवू नका. डेटा त्याने 9:15 पासून खायलाच हवा, नाहीतर दिवसाचा व्हीवॅप चुकीचा येतो आणि उघडताना झालेला मोठा व्हॉल्यूम हिशोबातच येत नाही. डोळे उघडे, हात बांधलेले, असं.

तिसरं म्हणजे साठलेला सिग्नल. समजा 9:22 ला क्रॉस झाला, गेट बंद होतं, पण कोडने तो सिग्नल रांगेत धरून ठेवला. 9:30:00 ला गेट उघडलं आणि आठ मिनिटांपूर्वीची ऑर्डर सुटली, तोवर निफ्टी 60 पॉइंट पुढे निघून गेलेला, म्हणजे आपण बरोबर टोकाला घेतला. थांबून मिळवलं काय मग? माझा नियम असा, की गेट बंद असताना आलेला सिग्नल टाकून द्यायचा, रांग नाही, आणि क्रॉस गेट उघडल्यावर नव्याने झाला तरच घ्यायचा. यात काही चांगले दिवस हातचे जातात, विशेषतः जे उघडल्यापासून एकाच दिशेने पळतात ते, आणि त्याची किंमत मी मान्य केलीय. पण बॅकटेस्टमध्येही हाच नियम लावा, तिथे 9:15 चे ट्रेड धरून नफा बघायचा आणि लाइव्हला 9:30 पासून खेळायचं ही स्वतःचीच फसवणूक आहे.

कँडलच्या नावातही एक खड्डा आहे. पाच मिनिटांच्या कँडलवर साधारण सुरुवातीची वेळ लिहिलेली असते, म्हणजे 9:25 ची कँडल 9:30 ला पूर्ण होते. कोडने 9:30 नावाची कँडल उचलली तर ती नुकतीच जन्मलेली, अर्धवट कँडल आहे, तिचा क्लोज दर सेकंदाला बदलतोय आणि क्रॉस येतोय जातोय. पूर्ण झालेलीच घ्या, आणि डेटा यायला थोडा उशीर होतो म्हणून 9:30:05 ला बघा.

ऑर्डर लिमिटच टाका, आस्कच्या भावावर किंवा एखादा टिक वर, आणि 10 सेकंदात भरली नाही तर रद्द. भाव पळाला म्हणून मागे धावत सुटणारा लूप लिहू नका.

लाइव्ह करण्याआधी आठवडाभर पेपर मोडवर चालवून रोज संध्याकाळी लॉग वाचा. गेटने नाकारलेल्या प्रत्येक सिग्नलसाठी एक ओळ हवी, वेळ आणि कारण दोन्ही, असं काहीतरी:

```
09:22:05 BUY skipped: wait
09:31:05 BUY skipped: spread 1.85
09:41:05 BUY sent: spread 0.35
```

पाच दिवसांत `wait` ची एकही ओळ आली नाही तर गेट चालतंय असं समजू नका, बहुतेक त्या फंक्शनपर्यंत कोड पोचतच नाहीये. आणि पहिल्या `sent` ची वेळ रोज न चुकता 09:30:00 दिसायला लागली तर कुठेतरी रांग राहून गेलीय, तिथे परत बघा.