माझ्याच शीटने मला पाच आठवडे चुकीच्या दारात उभं केलं

नोकरी शोधताना अर्जांची एक शीट ठेवायची असते हे आता सगळ्यांना माहितीये, त्यामुळे शीट म्हणजे काय, का ठेवायची वगैरे सांगत नाही. मी पण ठेवली होती, पहिल्या दिवसापासून आणि अगदी मन लावून. आणि तरी मी पाच आठवडे वाया घालवले, ते शीट नव्हती म्हणून नाही तर शीट होती म्हणून. तेवढंच सांगायला हे लिहितेय.

पहिल्या ११ आठवड्यांत ९४ अर्ज केले. शीटमध्ये तारीख, कंपनी, पद, सोर्स, रिप्लाय असे साधे कॉलम होते. सोर्सप्रमाणे मोजलं तर जॉब पोर्टलवरून ५८ अर्ज आणि ३ रिप्लाय, कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून १९ अर्ज आणि ६ रिप्लाय, थेट मेल ११ आणि २, कन्सल्टंटकडून ६ आणि २. आता तुम्हीच सांगा, हे बघून कोणीही काय म्हणेल? साइटवरून १९ पैकी ६, म्हणजे साधारण तिनात एक! पोर्टलवर विसात एक. मी त्या रात्री एवढी खूश होते की सापडलं एकदाचं, आणि दुसऱ्या दिवसापासून पोर्टल बंद करून फक्त कंपन्यांच्या करिअर पेजवर जाऊन अर्ज भरायला सुरुवात केली, प्रत्येक ठिकाणी नवीन अकाउंट, नवीन पासवर्ड, सीव्ही अपलोड करूनही तीच माहिती परत हाताने टाइप. पाच आठवड्यांत ४० अर्ज. रिप्लाय किती? एक.

आधी वाटलं सीझन मंद असेल. मग वाटलं सीव्हीच बिघडलाय. (हे सगळ्यांनाच वाटतं, आणि मग लोक सीव्हीचा फॉन्ट बदलत बसतात.) शेवटी एका दुपारी ते जुने सहा रिप्लाय एकेक करून उघडले आणि प्रत्येकाच्या समोर लिहिलं की मला ही जागा मुळात कळली कशी. पहिली, जुन्या ऑफिसातली मैत्रीण म्हणाली आमच्याकडे जागा निघालीये, मी तुझं नाव दिलंय, फक्त साइटवर फॉर्म भर. दुसरी, कॉलेजच्या सीनियरने सिस्टीममधून रेफरल टाकला आणि मला जी लिंक आली ती कंपनीच्या साइटचीच. तिसरी तसंच. सहापैकी पाच अशाच निघाल्या.

म्हणजे काय झालं होतं ते नीट समजून घ्या, कारण हीच ती गोची आहे आणि ती दिसत नाही. सोर्स या एका कॉलममध्ये मी दोन वेगळ्या गोष्टी कोंबत होते. जागा कळली कुठून ही एक गोष्ट. अर्ज पाठवला कुठून ही दुसरी. आणि लिहायच्या वेळी समोर जी स्क्रीन उघडी असायची तीच लिहिली जायची, म्हणजे कायम दुसरी. ओळखीतून आलेला अर्जसुद्धा शेवटी फॉर्ममधूनच जातो, त्यामुळे माणसाने केलेल्या कामाचं श्रेय फॉर्म खाऊन टाकतो. १९ पैकी ७ ठिकाणी आतून कोणीतरी बोललं होतं आणि त्यातले ५ रिप्लाय आले. उरलेल्या १२ मध्ये १. त्यात नंतरचे ४० धरा, म्हणजे ५२ मध्ये २. पोर्टलपेक्षा कणभर वाईटच! ज्या दारातून लोक मला हाताला धरून आत नेत होते, ते दारच लकी आहे असं समजून मी एकटी तिथे जाऊन उभी राहिले.

म्हणून सोर्स नावाचा कॉलमच ठेवू नका. त्याऐवजी तीन करा. 'कळलं कुठून', 'पाठवलं कुठून' आणि 'आतून कोणी बोललं का', आणि हा तिसरा फक्त हो किंवा नाही. कोणी 'बघते हं, सांगते' म्हणालं तर ते हो नाही. नाव पुढे दिलंय असं स्पष्ट कळलं तरच हो. अर्ज पाठवला त्याच दिवशी भरा, महिन्याने आठवून भरलंत तर जिथून रिप्लाय आला तिथली आठवण चांगली येते आणि बाकीच्यांसमोर डोळे झाकून पोर्टल लिहिलं जातं.

रिप्लायच्या कॉलममध्ये हो-नाही न लिहिता माणसाचा पहिला रिप्लाय आला ती तारीख लिहा. माणसाचा. 'आपला अर्ज मिळाला' हा मेल रिप्लाय नाही, तो मशीनचा आहे, मी पहिले दोन आठवडे ते पण मोजत होते आणि लई भारी वाटत होतं. तारखेचा दुसरा फायदा असा की किती दिवसांत रिप्लाय येतात ते कळतं. माझ्या पहिल्या ९४ अर्जांच्या १३ रिप्लायपैकी ११ तीन आठवड्यांच्या आत आले होते, म्हणून मी २१ दिवस जुने झालेले अर्जच मोजायला लागले. नाहीतर परवा पाठवलेले वीस अर्ज नापास म्हणून मोजले जातात आणि जो मार्ग तुम्ही नुकता सुरू केलाय तोच सगळ्यात वाईट दिसतो. तारीख A मध्ये, आतून कोणी बोललं का ते E मध्ये आणि रिप्लायची तारीख F मध्ये असेल तर एवढं पुरतं:

```
=COUNTIFS(E:E,"हो",A:A,"<="&TODAY()-21)
=COUNTIFS(E:E,"हो",A:A,"<="&TODAY()-21,F:F,">0")
```

पहिलं म्हणजे अर्ज किती, दुसरं म्हणजे त्यातल्या कितींना माणसाचा रिप्लाय. फॉर्म्युला शून्य दाखवत असेल तर घाबरू नका, बहुतेक वेळा तारीख टेक्स्ट झालेली असते. सेलमध्ये खरी तारीख आपोआप उजवीकडे सरकते, टेक्स्ट डावीकडे चिकटतं, नुसतं बघून कळतं. आणि 'हो' च्या मागे चुकून स्पेस पडली तर तो 'हो' मोजला जात नाही, म्हणून ड्रॉपडाऊन लावा आणि मोकळे व्हा.

आता यावरून कोणीतरी म्हणेलच की बघा, ओळखच चालते, बाकी सगळं फुकट. मला असे दोन मेंटॉर भेटले होते, दोघंही छातीठोक सांगायचे की पोर्टल मेलंय. दोघांनीही गेल्या कित्येक वर्षांत स्वतः एकही अर्ज भरलेला नव्हता. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि माझ्या शीटनेही तसं सांगितलं नाही, थांबा.

ओळखीतून येणारी जागा बहुतेक वेळा तुमच्या कामाशी जुळणारीच असते, कारण मैत्रीण तुम्हाला भलत्याच पदासाठी सुचवत नाही. मग रिप्लाय ओळखीमुळे आला की जुळणीमुळे? हे वेगळं करायला मी पोर्टलच्या अर्जांना जुळणीचे मार्क द्यायचं ठरवलं, १ ते ३. पण रिप्लाय कुठे आलाय हे माहीत असताना मार्क दिले की आपण तिथे ३ च देतो, ती कॉपीच झाली. म्हणून भावाला बसवलं. रिप्लायचा कॉलम लपवला, त्याला माझा सीव्ही आणि जाहिराती दिल्या आणि म्हटलं तू मार्क दे. (जाहिरातींचा मजकूर माझ्याकडे होता कारण दुसऱ्याच आठवड्यात एक फोन आला आणि लिंक उघडली तर जाहिरात गायब, पद नक्की कशाचं होतं तेच मला आठवेना आणि समोरच्या बाईंना ते लगेच कळलं. तेव्हापासून मजकूर कॉपी करून ठेवते. लिंक नाही, मजकूर.) त्यामुळे ५८ पैकी ५० जाहिराती शिल्लक होत्या. भावाने १४ ना ३ मार्क दिले. तिन्ही रिप्लाय त्या १४ मधलेच! उरलेल्या ३६ मध्ये शून्य.

म्हणजे पोर्टल मेलेलं नव्हतं, मी तिथे वन-क्लिकने काहीही ठोकत होते. वन-क्लिक अर्ज ही माझ्या मते आळसाला दिलेली पगारवाढ आहे.

पण इथे पण लगेच उड्या मारू नका, मी एकदा तोंडघशी पडलेय. ३६ मध्ये शून्य म्हणजे तिथे कधीच रिप्लाय येणार नाही असं नाही. याचा एक सोपा अंदाज आहे, शून्य आलं की ३ ला एकूण अर्जांनी भागायचं, ती साधारण वरची मर्यादा. ३ भागिले ३६ म्हणजे बारात एक. म्हणजे खरं प्रमाण शून्यापासून बारात एकपर्यंत कुठेही असू शकतं. हेच दहा अर्जांवर शून्य आलं असतं तर मर्यादा दहात तीन, म्हणजे काहीच कळलं नाही! म्हणून कोणताही मार्ग पाच-सात अर्जांवरून चांगला किंवा वाईट ठरवू नका. माझे थेट मेल ११ होते, कन्सल्टंटचे ६, त्यांच्याबद्दल माझ्या शीटला काडीचंही माहीत नव्हतं, टक्केवारी काढली तर कन्सल्टंटचे ३३ टक्के दिसायचे, म्हणून मी टक्के दाखवणारा कॉलमच उडवला आणि '६ पैकी २' असंच लिहायला लागले. तसं लिहिलं की आपली आपल्यालाच लाज वाटते.

आणि एवढे कॉलम पुरे. ३२ कॉलम, रंगीत डॅशबोर्ड असले टेम्प्लेट लोक विकतात, मी एक घेतला होता, चौथ्या दिवशी भरायचा सोडला. एक रो भरायला दोन मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर वाईट दिवशी तुम्ही ती भरणार नाही, आणि नेमके वाईट दिवसच शीटमधून गळाले की शीट खोटं बोलायला लागते. एखादा आठवडा नाहीच भरली गेली तर सोडून द्या, अंदाजाने मागचं भरू नका, त्या आठवड्यातले अर्ज मोजूच नका.

त्यानंतर मी आठवड्याचे अर्ज निम्मे केले. ३ मार्कांच्याच जाहिराती, आणि प्रत्येक अर्जाआधी आत कोणी ओळखीचं आहे का ते बघायचं, दहा मिनिटं, नाही सापडलं तर तसाच पाठवायचा. नोकरी कुठून लागली? कन्सल्टंटकडून, सातव्या अर्जाला. ज्याच्याबद्दल शीटला काहीच सांगता येत नव्हतं तिथूनच.

ऑफर सही करून पाठवली त्या संध्याकाळी शीटला फिल्टर लावला, रिप्लाय आलाय पण निकाल नाही अशा चार रो उरल्या होत्या. चौघांना मेल करून कळवलं की मी आता माघार घेतेय. तिघांचं उत्तर आलं नाही. चौथ्या ठिकाणच्या बाईंनी लिहिलं की पुढच्या फेरीसाठी तुम्हालाच फोन करणार होतो, असं काम करणारी तुमच्या ओळखीची कोणी असेल तर सांगा. मी त्यांना एक नाव दिलं.