विमानाचा मार्ग नकाशावर वाकडा का दिसतो? दोरा लावून स्वतः तपासा

विमानातल्या पडद्यावरचा नकाशा पाहिला की वाटतं, पायलट उगीच वळसा घालतोय. दोन्ही शहरं नकाशावर एकाच आडव्या रेषेत आहेत आणि मार्ग मात्र कमानीसारखा वर चढून पुन्हा खाली उतरलेला. हा वळसा खरा की भासाचा, हे पाऊण तासात घरीच तपासता येतं. त्यासाठी पृथ्वीगोल, पातळ दोरा, मोजपट्टी आणि जगाचा सपाट नकाशा एवढं पुरे.

शहरांची जोडी म्हणून माद्रिद आणि बीजिंग घेऊ. माद्रिद 40.4° उत्तर अक्षांशावर आहे, बीजिंग 39.9° वर. म्हणजे सपाट नकाशावर एकातून निघून नाकासमोर पूर्वेला गेलं की दुसरं जवळजवळ आलंच. दोघांच्या रेखांशांत 120° अंतर आहे, त्यामुळे फरक दोऱ्यावर स्पष्ट दिसतो. न्यूयॉर्क आणि माद्रिदही एकाच अक्षांशाच्या आसपास आहेत, पण तिथे नेहमीच्या गोलावर फरक जेमतेम 4 मिलिमीटर येतो आणि तो हाताच्या चुकीत हरवून जातो.

पहिली पायरी: गोलावर दोरा ताणा

दोऱ्याचं एक टोक माद्रिदवर अंगठ्याने दाबा, दुसरं बीजिंगवर धरा आणि दोरा घट्ट ओढा. तो कुठून जावा हे तुम्ही ठरवू नका, त्याला त्याची जागा शोधू द्या. बोटाने हलकेच बाजूला सरकवून सोडलात आणि तो परत पहिल्याच जागी आला, तर ताण बरोबर आहे. डोंगर उंचवट्याने दाखवलेला गोल असेल तर दोरा तिथे अडकतो. अशा वेळी तो थोडा उचलून पुन्हा बसवावा लागतो.

आता दोरा कुठून गेलाय ते पाहा. फ्रान्स, जर्मनी, बाल्टिक देश, मग रशियात पर्म शहराच्या थोडं उत्तरेकडून, सैबेरिया, मंगोलियाचा उत्तर भाग आणि मग बीजिंग. मध्यावर तो 59° उत्तरेपर्यंत चढतो. तरीही वरून पाहिलं तर दोरा सरळच दिसतो. पृथ्वीच्या केंद्रातून जाईल असा काप घेतला तर पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटतं त्याला बृहद्वृत्त म्हणतात. ताणलेला दोरा त्याच वर्तुळाचा तुकडा असतो, आणि गोलावर दोन ठिकाणांमधलं सर्वांत कमी अंतर त्याच वर्तुळावरून जातं.

दुसरी पायरी: दोन्ही वाटा मोजा

ताणलेला दोरा दोन्ही टोकांना चिमटीत पकडून पट्टीवर ठेवा. 30 सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर त्याची लांबी 21.7 सेंटिमीटरच्या आसपास भरेल. मग दुसरा दोरा 40° च्या छापील रेषेवर जागोजागी बोटांनी दाबत, माद्रिदपासून बीजिंगपर्यंत न्या. हा भरतो 24 सेंटिमीटर. या गोलावर 1 सेंटिमीटर म्हणजे सुमारे 425 किलोमीटर, म्हणजे पहिली वाट साधारण 9,200 किलोमीटरची आणि दुसरी 10,200 ची. नकाशावर जी वाट सरळ दिसते, तिच्यावरून गेलं तर सुमारे हजार किलोमीटर जास्त पडतात.

दुसरा दोरा धरताना एक गोष्ट हाताला कळेल: बोटं सोडली की तो उत्तरेकडे निसटायला बघतो. 40° ची रेषा गोलावर वळलेली आहे, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.

उत्तरेला चढून अंतर वाचतं कसं? रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ येत जातात. 40° अक्षांशावर एक अंश रेखांश ओलांडायला 85 किलोमीटर लागतात, 60° वर फक्त 56. आपल्याला एकूण 120 अंश ओलांडायचेत. वर चढण्या-उतरण्यात काही अंतर खर्च होतं, पण मधले अंश इतके स्वस्त पडतात की शेवटी फायदाच होतो.

तिसरी पायरी: तोच दोरा कागदावर उतरवा

दोरा गोलावर पुन्हा ताणा आणि तो कुठल्या रेखांशाला कुठल्या अक्षांशावर आहे ते टिपा. साधारण हे आकडे यायला हवेत:

- 11° पूर्व: 50° उत्तर
- 26° पूर्व: 56° उत्तर
- 56° पूर्व: 59° उत्तर
- 86° पूर्व: 56° उत्तर
- 101° पूर्व: 50° उत्तर

दोन-तीन अंशांचा फरक चालेल. मधला आकडा 50 च्या खाली आला तर मात्र दोरा सैल आहे. हे बिंदू सपाट नकाशावर मांडून जोडले की पडद्यावर दिसते तीच कमान तयार होते.

नकाशा मर्केटरचा असेल तर कमान आणखी ठसठशीत येते. त्याची खूण अशी: रेखावृत्तं उभी आणि समांतर, अक्षवृत्तांमधलं अंतर मात्र ध्रुवांकडे वाढत जाणारं. 1569 साली मर्केटरने तो खलाशांसाठी केला. त्यावर सरळ रेघ ओढली की ती एकच होकायंत्र-दिशा धरून जाण्याची वाट असते. जहाज हाकायला ही फार मोठी सोय, पण किंमत अशी की 60° ची रेषा विषुववृत्ताइतकी लांब काढावी लागते, जी प्रत्यक्षात त्याच्या निम्मी आहे. आपला दोरा नेमका त्या ताणलेल्या भागातून जातो, म्हणून तो लांब आणि वाकडा दिसतो.

इथे बरेच जण अडखळतात: मग विमान वळतं की नाही? माद्रिदहून निघताना त्याचं नाक उत्तरेपासून सुमारे 42° पूर्वेकडे असतं, मध्यावर थेट पूर्वेला आणि बीजिंगजवळ 138° वर, म्हणजे आग्नेयेकडे. आकडा सतत बदलतो, पण विमान डावी-उजवीकडे कलत नाही. ते सरळच जातं. खालची रेखावृत्तं एकमेकांना समांतर नसल्याने ‘उत्तर’ म्हणजे कुठे, तेच जागोजागी बदलतं.

कमान कधी दिसत नाही, आणि कधी ती वेगळीच असते

विषुववृत्तावरून किंवा एकाच रेखावृत्तावरून जाणारा मार्ग मर्केटरवरही सरळ दिसतो, कारण ती स्वतःच बृहद्वृत्तं आहेत. दक्षिण गोलार्धात कमान उलटी, अंटार्क्टिकाकडे झुकलेली. सिडनी ते सँटियागो दोरा लावून पाहा.

पृथ्वी फिरते म्हणून मार्ग वाकतो, असं कुणी सांगितलं तर सोडून द्या. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. खऱ्या उड्डाणाचा मार्ग दोऱ्याला तंतोतंत चिकटत नाही हे मात्र खरं. जोराच्या वाऱ्याचा फायदा घ्यायला विमान बाजूला सरकतं, बंद हवाई हद्द टाळतं. आपल्या दोऱ्याचा मोठा भाग रशियावरून जातो आणि 2022 पासून युरोपीय संघातल्या विमान कंपन्यांना ते आकाश बंद आहे. त्यांची चीनकडे जाणारी विमानं दक्षिणेकडून जातात. मजा अशी की तो मार्ग सपाट नकाशावर कमी वाकडा दिसतो आणि गोलावर दोरा लावला की खरा वळसा तोच निघतो.