ओळख करून देणारा ईमेल कसा लिहावा: पहिलं पाऊल कोणाचं, हे त्यातच सांगा

दोन वर्षांपूर्वी मी दोन चांगल्या माणसांची ईमेलवरून ओळख करून दिली आणि ती जागच्या जागी विरली. एक होते तासगावकडचे बेदाणा करणारे बागायतदार, दुसरे मुंबईत निर्यातीचं काम बघणारे. मी लिहिलं होतं, "तुम्हा दोघांचं काम एकमेकांना पूरक आहे, आपण अवश्य बोलावं." दोघांचीही "नक्की, आवडेल" अशी उत्तरं आली आणि मी निर्धास्त झाले. चार महिन्यांनी बागायतदार भेटले तेव्हा म्हणाले, "मी वाट पाहिली, पण त्यांचा फोन काही आला नाही." मुंबईला विचारलं, तर तिकडेही अगदी हेच. तोवर बेदाणा सौद्यात विकून झाला होता.

चूक माझ्या वाक्यात होती. "आपण अवश्य बोलावं" यातलं "आपण" म्हणजे कोण? मराठीत "आपण" आदराने एकाला म्हणता येतं, दोघांना म्हणता येतं आणि स्वतःला धरून सगळ्यांनाही म्हणता येतं. "तुम्ही बोलून घ्या" हेही तसंच, कारण मेल दोघांना जातो आणि प्रत्येकाला वाटतं की "तुम्ही" म्हणजे समोरचा. त्यात आपल्याकडे वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाला आपणहून फोन करणं बरं दिसत नाही, आणि मोठ्यांना वाटतं, गरज असेल तर करतील. आपण कितीही चांगल्या मनाने लिहिलं असलं तरी असा मेल तिथेच थांबतो.

आता मी ओळख कशी करून देते, ते यंदाच्या एका खऱ्या उदाहरणावरून सांगते. कुडाळच्या एक ताई अमृत कोकम आणि आगळ करतात. त्यांना पुण्यातल्या एका फूड टेक्नॉलॉजिस्ट सरांशी जोडून द्यायचं होतं.

आधी गरज असलेल्या माणसाशी बोला

ताईंचा निरोप होता, "कोणाचं तरी मार्गदर्शन मिळालं तर बरं होईल." एवढ्यावर मेल लिहायला घेऊ नये. "मार्गदर्शन" या शब्दावरून समोरच्याला अर्धा तास द्यायचा आहे की वर्षभर, काहीच कळत नाही. मी त्यांना फोन करून तीन गोष्टी विचारल्या: नेमकं काय बिघडलं आहे, तुम्ही आतापर्यंत काय करून पाहिलं आणि समोरच्याकडून किती वेळ हवा आहे.

मग खरी गोष्ट बाहेर आली. मे महिन्यात भरलेल्या काही बाटल्या जुलैपर्यंत फुगत होत्या आणि झाकण उघडलं की फस्स आवाज यायचा. म्हणजे आत सरबत आंबत होतं. पण सगळ्या बाटल्या फुगत नव्हत्या, ठरावीक दिवशी भरलेल्याच फुगत होत्या. त्यांनी बाटल्या बदलून पाहिल्या होत्या, झाकणं बदलली होती, फरक पडला नव्हता. एवढं कळल्यावर मागणी दोन ओळींत बसली: ठरावीक दिवसांच्याच बाटल्या का आंबतात हे शोधायला जाणत्या माणसाचा अर्धा तास फोनवर हवा.

मग दुसऱ्याला वेगळं विचारा, आणि नाही म्हणायला जागा ठेवा

दोघांना जोडणारा मेल थेट पाठवला की ज्याचा वेळ मागतोय तो अडचणीत येतो. समोर अनोळखी माणूस उभा असताना नाही म्हणता येत नाही, म्हणून तो हो म्हणतो आणि मग टाळत राहतो. इंग्रजी कामकाजात आधी दोन्हीकडून होकार घेण्याच्या या पद्धतीला डबल ऑप्ट-इन म्हणतात.

सरांना मी एवढंच लिहिलं: "सर, कुडाळच्या एका उद्योजिकेच्या अमृत कोकमच्या बाटल्या आंबून फुगत आहेत, पण ठरावीक दिवसांच्याच. तुम्ही अर्धा तास फोनवर बोलू शकाल का? जमणार नसेल तर निःसंकोच सांगा, मी त्यांना अजून तुमचं नाव सांगितलेलं नाही." शेवटचं वाक्य खरं असायला हवं. होकार येईपर्यंत ताईंना मी खरोखरच नाव सांगितलं नाही. तसं नसतं, तर नकार आल्यावर तो ताईंच्या जिव्हारी लागला असता आणि सरांनाही अवघडल्यासारखं झालं असतं.

होकार आला की त्याच वेळी पैशाचं विचारून घ्यावं. आपण हा विषय लाजेखातर टाळतो आणि पुढे तोच आडवा येतो. सर म्हणाले, पहिलं बोलणं पैसे न घेता करू, प्रत्यक्ष युनिटवर यायचं झालं तर फी घेईन. हे मेलमध्ये जसंच्या तसं लिहायचं. फोन नंबर मात्र ज्याचा त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्याला देऊ नये.

पहिलं पाऊल कोणाचं, हे तुम्ही ठरवा

ज्याला गरज आहे त्याने आधी लिहायचं, ज्याचा वेळ जाणार आहे त्याने वेळ निवडायची. बहुतेक ओळखींना हे पुरतं. उलट प्रसंगही येतो. कारखानदाराला माणूस नेमायचा असेल किंवा माल घ्यायचा असेल तर गरज त्याची आहे, मग तो कितीही मोठा असला तरी पहिला मेल त्याचाच. दोघांचा सारखाच फायदा असेल तर मी ज्याचा आठवडा मोकळा असेल त्याचं नाव घेते आणि दोघांनाही सांगते की पहिली पाळी मी यांना दिली आहे. मधल्या माणसाने ठरवलं म्हटलं की कोणाला कमीपणा वाटत नाही.

आता मेल

विषयाच्या ओळीत फक्त "ओळख" लिहू नका. दोन महिन्यांनी शोधताना सापडेल असं लिहा. मी पाठवलेला मेल असा होता:

> Subject: ओळख: अमृत कोकमच्या बाटल्या फुगणे (कुडाळ), अर्धा तास फोन
>
> नमस्कार सर, नमस्कार ताई,
>
> तुम्हा दोघांशी माझं वेगवेगळं बोलणं झालं आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते.
>
> सर, या ताई कुडाळला सहा वर्षं अमृत कोकम आणि आगळ करतात. मे महिन्यात भरलेल्या काही बाटल्या जुलैपर्यंत आंबून फुगतात. हे ठरावीक दिवशी भरलेल्या बाटल्यांतच होतं. बाटल्या आणि झाकणं बदलून पाहिली, फरक पडला नाही.
>
> ताई, सरांनी फळांच्या सरबतांच्या कारखान्यात बरीच वर्षं उत्पादन सांभाळलं आहे आणि आंबणं कुठून सुरू होतं हे शोधण्याचं काम केलेलं आहे. पहिलं अर्ध्या तासाचं बोलणं विनामूल्य आहे. युनिटवर येऊन पाहायचं ठरलं तर फी वेगळी, ती ते तुम्हाला थेट सांगतील.
>
> पहिलं पाऊल ताईंचं. ताई, गुरुवारी संध्याकाळपर्यंत याच मेलला Reply all करून एवढं पाठवा: कोणत्या तारखांना भरलेल्या बाटल्या फुगल्या, त्या दिवशी सालींना साखर किती घातली होती, सरबत गरम भरलं की गार, आणि पुढच्या आठवड्यातल्या तुमच्या सोयीच्या दोन वेळा.
>
> सर, त्यांतली एक वेळ तुम्ही कळवा. त्या वेळी ताई तुम्हाला फोन करतील. तुमच्या उत्तरात मला Bcc मध्ये टाका, म्हणजे पुढचं बोलणं तुम्हा दोघांतच राहील.

यात "तुम्ही" कुठेही सैल सोडलेलं नाही. पहिली ओळ दोघांना आहे, पुढचा प्रत्येक परिच्छेद "सर" किंवा "ताई" अशा हाकेने सुरू होतो किंवा त्यात ती हाक येते, त्यामुळे कोणाला उद्देशून आहे हे कळतं. "आपण" मी मुद्दाम वापरलेलं नाही. "बोलणं व्हावं", "संपर्क साधला जावा" असली वाक्यंही टाळली आहेत, कारण त्यांत काम असतं पण करणारा नसतो.

ओळख सांगताना माणसाचं सगळं चरित्र लिहू नये. सरांना पुरस्कार मिळालेले आहेत, त्यांनी परदेशात व्याख्यानं दिली आहेत. ते लिहिलं असतं तर ताई दबल्या असत्या आणि साधी माहिती पाठवायलाही आठवडा लागला असता. या कामाशी लागतं तेवढंच सांगितलं. आणि ताईंकडे मागितलेली माहिती अशी आहे की ती त्यांच्या वहीतच आहे. पहिलं पाऊल एका बैठकीत उरकण्याजोगं असावं. "सविस्तर प्रस्ताव पाठवा" म्हटलं की तो कधीच येत नाही.

पाठवताना आणि उत्तर येताना काय बिघडतं

मेल तुम्ही पाठवला असल्यामुळे नुसतं Reply दाबलं की उत्तर तुम्हालाच येतं, दुसऱ्याला पोचतच नाही. मोबाइलवर हे फार होतं. ताईंचं उत्तरही फक्त माझ्याकडेच आलं, तारखा, साखर, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. त्यांना वाटत होतं सरांना पोचलं. म्हणून पहिलं उत्तर आलं की To आणि Cc च्या ओळींत मिळून दोन पत्ते आहेत का ते पाहा. एकच असेल तर लगेच दुसऱ्याला जोडून पुढे पाठवा आणि उत्तर लिहिणाऱ्याला तसं सांगा.

Bcc चं काम मी मुद्दाम सरांवर टाकलं, कारण त्यांना मेलची सवय आहे. मला Bcc मध्ये टाकून त्यांनी उत्तर दिलं की ते मलाही दिसतं आणि गाडी सुरू झाल्याचं कळतं. त्यापुढची Reply all उत्तरं माझ्याकडे येत नाहीत. तुम्ही Bcc मध्ये असताना स्वतः Reply all दाबू नका, नाहीतर तुमचं उत्तर सगळ्यांसमोर जातं.

पत्ता टाइप करताना आपोआप पुढे येणाऱ्या नावावर विसंबू नका, सारख्या नावाचा दुसराच माणूस निवडला जातो. Gmail मध्ये Undo Send ची मुदत सेटिंगमध्ये जाऊन 30 सेकंदांपर्यंत वाढवता येते. मी ती तेवढी ठेवली आहे, पाठवल्यावर एकदा पत्ते वाचते.

गुरुवार उलटला तर

शुक्रवारी सकाळी आठवण करायची, पण दोघांना नाही. ज्याची पाळी आहे त्यालाच, वेगळी. ताईंचं राहिलं असतं तर मी फोन केला असता: "ताई, वही सापडत नसेल तर फक्त तारखा आणि दोन वेळा पाठवा, बाकीचं फोनवर सांगा." दोघांना मिळून आठवण केली की उशीर कोणाचा हे चारचौघांत सांगितल्यासारखं होतं, आणि पहिली पाळी कोणाची हा घोळ पुन्हा सुरू होतो.

दोन आठवड्यांनी मी दोघांनाही एकेक ओळ लिहून विचारते, बोलणं झालं का. सरांनी कळवलं की फुगलेल्या बाटल्या ज्या दिवसांच्या होत्या त्या दिवशी साखर कमी पडली होती आणि सरबत गारच भरलं होतं. पुढच्या हंगामाआधी ते कुडाळला जाणार आहेत. फी किती, ते मला दोघांनीही सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.