ब्लूटूथ जोडलंय, तरी ॲपला सूर कळत नाही?

फोंड्यातल्या माझ्या भाचीच्या डिजिटल पियानोचं हेच झालं होतं. फोनच्या सेटिंगमध्ये पियानो जोडलेला दिसत होता, फोनवरचं गाणंही पियानोच्या स्पीकरमधून वाजत होतं. पण ती पट्टी दाबायची आणि शिकवणारं ॲप ढिम्म. कारण तिथून जोडला गेला होता फक्त आवाज. कुठली पट्टी किती जोरात दाबली ही माहिती मिडीवरून जाते आणि ब्लूटूथवर तिची जोडणी वेगळी असते.

म्हणून सेटिंगमधली ती जोडणी आधी काढून टाका. मग ब्लूटूथ चालू ठेवून ॲपच्याच मिडी मेनूतून पियानो निवडा. जुन्या अँड्रॉइडवर लोकेशनची परवानगी दिल्याशिवाय तो यादीत येत नाही. दुसरं एखादं ॲप आधीच जोडलेलं असेल, तर तेही पूर्ण बंद करा.

सूर उशिरा उमटत असतील, तर मी सरळ केबलच लावायला सांगेन. पियानोमागचं चौकोनी `USB TO HOST` पोर्ट वापरा. `TO DEVICE` हे पेनड्राइव्हसाठी असतं. टाइप-सी फोनला प्रिंटरची जुनी केबल आणि ओटीजी ॲडॉप्टर पुरतो.