स्प्राइट शीटमध्ये शेजारच्या आयकॉनची रेघ दिसत होती, ती अशी घालवली

24×24 पिक्सेलचे सगळे आयकॉन एका पीएनजीत एकमेकांना चिकटवून बसवले होते आणि सोबतच्या जेसन फाइलमध्ये प्रत्येकाची जागा लिहिली होती. मूळ आकारात सगळं स्वच्छ दिसायचं. झूम केलं की मात्र घंटेच्या डाव्या कडेला लाल रेघ उमटायची. लाल रंग शेजारच्या झेंड्याचा होता, म्हणजे कोऑर्डिनेट चुकले असावेत असं आधी वाटतं. पण ते बरोबर होते. आकार बदलताना ग्राफिक्स कार्ड आजूबाजूच्या पिक्सेलची सरासरी घेतं आणि कडेला ती सरासरी शेजाऱ्याच्या हद्दीत शिरते. खात्री करायची तर फिल्टर `NEAREST` करून पाहा, त्यात सरासरी न घेता सगळ्यात जवळचा एकच पिक्सेल घेतला जातो: रेघ गेली, तर कारण हेच.

उपाय म्हणून प्रत्येक आयकॉनभोवती 2 पिक्सेल जागा सोडली. एक खण आता 28 पिक्सेलचा झाला, पण फाइलमध्ये नोंद फक्त आतल्या चित्राचीच ठेवायची:

```json
"flag": {"x": 2, "y": 2, "width": 24, "height": 24},
"bell": {"x": 30, "y": 2, "width": 24, "height": 24}
```

कडेपर्यंत रंग भरलेल्या चौकोनी आयकॉनना पारदर्शक जागा पुरत नाही, त्यांच्या कडा फिक्या पडतात. तिथे कडेचे पिक्सेलच त्या जागेत बाहेर ओढून भरले. मिपमॅप, म्हणजे पायरीपायरीने निम्म्या केलेल्या चित्राच्या तयार प्रती, वापरत असाल तर मात्र दर पायरीला ही जागा निम्मी होते, त्यामुळे 2 पिक्सेल पहिल्या पायरीपर्यंतच टिकतात.