विहिरीवरची मोटर आणि बारीक वायर

काटोलकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेत मीटरपासून विहीर २०० मीटर. दीड एचपीची सिंगल फेज मोटर कधी नुसती गुणगुणायची, चाललीच तर जाम तापायची. मोटर बंद असताना दोन्हीकडे २२५ व्होल्ट. चालू असताना मीटरपाशी तेवढेच, विहिरीवर मात्र १९८. म्हणजे २७ व्होल्ट वायरच खात होती. तांब्याची २.५ चौरस मिमी वायर जाऊन-येऊन ४०० मीटर (येणारी तार लोक मोजतच नाहीत), तिचा रोध जवळपास ३ ओहम, करंट ९ अँपियर, हिशेब जुळला. ६ चौरस मिमीची केबल टाकल्यावर घट ११ व्होल्टवर आली, मोटर झटक्यात उचलते. मीटरपाशीच व्होल्टेज कमी असेल, तर मात्र जाड केबलचा उपयोग नाही.