फ्रिक्वेन्सी ३ दिसते, पण खरी किती?

मेटावर एकाच कॅम्पेनमध्ये दोन अ‍ॅड सेट चालू आहेत असं समजा: एक नव्या लोकांसाठी, दुसरा गेल्या ३० दिवसांत वेबसाइटवर येऊन गेलेल्यांसाठी. प्रत्येकाचा रीच १०,०००, इम्प्रेशन्स ३०,०००. म्हणजे फ्रिक्वेन्सी ३, सगळं आलबेल. आता कॅम्पेनच्या ओळीतला रीच बघा. तिथे एक माणूस एकदाच मोजला जातो. तो २०,००० ऐवजी १३,००० दिसला, तर ७,००० माणसं दोन्हीकडे आहेत आणि खरी फ्रिक्वेन्सी ६०,००० भागिले १३,०००, म्हणजे ४.६. ‘नव्या’ लोकांचं बजेट जुन्यांवरच उडतंय.

उपाय सोपा आहे. नव्या लोकांच्या अ‍ॅड सेटमधून गेल्या ३० दिवसांत साइटवर आलेले आणि १८० दिवसांतले खरेदीदार, दोघांनाही एक्सक्लूड करा. दुसऱ्या सेटमधून फक्त खरेदीदार वगळा. पिक्सेलच्या नजरेतून काही खरेद्या सुटतातच, म्हणून ग्राहकांची यादीही कस्टम ऑडियन्स म्हणून अपलोड करून वगळा. (विकत घेतलेली वस्तूच पुन्हा जाहिरातीत दिसली की माणूस वैतागतो, ते वेगळंच.)

मग कॅप. ‘७ दिवसांत २ वेळा’ अशी मर्यादा अवेअरनेस कॅम्पेनमध्ये रीच हे ध्येय निवडल्यावर घालता येते. सेल्स कॅम्पेनमध्ये सहसा ती सोय नसते. तिथे फ्रिक्वेन्सी चढतेय आणि सोबत प्रति-खरेदी खर्चही वाढतोय असं दिसलं, तर बजेट कमी करा किंवा दुसऱ्या सेटची, साइटवर येऊन गेलेल्यांची ३० दिवसांची खिडकी ६० करा. मात्र वर वगळलेले दिवसही तेवढेच वाढवायचे, नाहीतर ओव्हरलॅप परत हजर.